वाट पाहणारी मागच्या सीटवर आहे

वाहतूक शाखेचं एक वाक्य वर्षानुवर्षं टिकून आहे. ‘हेल्मेट घाला, घरी कुणीतरी तुमची वाट पाहतंय.’ आयुक्त बदलतात, फलक पत्र्यावरून मोबाइलच्या पडद्यावर येतो, वाक्य मात्र तेच राहतं. त्यातली माया खरी आहे. माझा आक्षेप मायेला नाही. पुण्यात, नाशकात, नागपुरात, कोल्हापुरात संध्याकाळी कुठल्याही सिग्नलला पाच मिनिटं उभं राहा आणि दुचाक्या बघा. जिने घरी वाट पाहायची, ती त्याच गाडीवर मागे बसलेली असते. पुढच्याच्या डोक्यावर हेल्मेट आहे. तिच्या डोक्यावर ओढणी आहे, गजरा आहे किंवा काहीच नाही.

फलक पुढच्याशी बोलतो, मागच्याशी कुणीच बोलत नाही.

म्हणून वाहतूक शाखेकडे आज माझी एकच मागणी आहे. पुढचे सहा महिने एकच ओळ चालवा, आणि ती मागच्या सीटची असू द्या.

ही मागणी हळवेपणातून आलेली नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ सालच्या अहवालात हेल्मेट न घातल्यामुळे गेलेल्यांचा आकडा ५०,०२९ आहे. त्यातले १४,३३७ जण गाडी चालवत नव्हते, मागे बसले होते. म्हणजे दर सात मृतांमागे दोघं मागच्या सीटवरचे. या दोघांनी वेग वाढवला नव्हता, सिग्नल तोडला नव्हता, फोन कानाला लावला नव्हता. त्यांच्या हातात ना हँडल होतं ना ब्रेक. त्यांना फक्त कुठेतरी पोहोचायचं होतं.

कायद्यात मागचा माणूस विसरलेला नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ गाडी चालवणाऱ्यालाही लागू आहे आणि मागे बसणाऱ्यालाही. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट हवं, पगडी घालणाऱ्या शीख व्यक्तीला तेवढी सूट आहे. चार वर्षांखालच्या मुलांसाठी वेगळा नियम २०२३ च्या फेब्रुवारीपासून लागू झाला आहे. त्यात चालकाला मूल बांधून ठेवणारा पट्टा, मुलाला हेल्मेट आणि गाडीला ताशी चाळीसची मर्यादा सांगितली आहे. हेल्मेट नसेल तर कलम १९४-ड प्रमाणे दंड होतो आणि तीन महिन्यांसाठी लायसन्स जातं. मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी २०२२ च्या मे महिन्यात पंधरा दिवसांची मुदत दिली आणि मागे बसणाऱ्यावरही कारवाई होणार असं जाहीर केलं. २०२४ च्या अखेरीस राज्याच्या वाहतूक पोलिसांनी ई-चलनाच्या यंत्रात चालक आणि मागे बसणारा यांचे गुन्हे वेगवेगळे नोंदवायची सोय केली. यंत्राला आता मागचा माणूस दिसतो. पोस्टर लिहिणाऱ्याला तो अजून दिसलेला नाही.

मागचं डोकं जमिनीवर कसं येतं, हे एकदा नीट समजून घेऊ. त्याशिवाय चांगली ओळ लिहिताच येणार नाही.

रविवारची संध्याकाळ आहे असं धरा. नवरा-बायको स्कूटरवरून लग्नाला निघाले आहेत. कार्यालय दोन किलोमीटरवर आहे. तिने साडी नेसली आहे म्हणून ती एका बाजूला पाय सोडून बसली आहे. एका हातात आहेराची पिशवी आहे, दुसरा हात त्याच्या खांद्यावर. तो म्हणतो, ‘‘दुसरं हेल्मेट घेऊ का?’’ ती म्हणते, ‘‘अहो, इथे जवळच तर जायचंय. आणि केस विसकटतील.’’ तो आग्रह करत नाही. इथवर जे घडलं ते आपल्या प्रत्येकाच्या घरात घडलेलं आहे.

आता गाडीकडे बघा. दोन्ही बाजूंना पाय टाकून बसलेल्याला सीट मांड्यांनी धरता येते. एका बाजूला बसलेल्याला ते जमत नाही. तिचा फार तर एक पाय फूटरेस्टवर असतो, दुसरा लोंबकळत असतो आणि शरीराचं वजन गाडीच्या मध्यरेषेच्या बाहेर गेलेलं असतं. समोरचा खड्डा किंवा स्पीडब्रेकर चालवणाऱ्याला दिसतो. तो हँडल घट्ट धरतो, शरीर सावरतो. तिला काहीच दिसत नाही, कारण तिचं तोंड रस्त्याच्या कडेला आहे. धक्का बसतो तेव्हा ती बेसावध असते. गाडी पडतही नाही. ती एकटीच मागे पडते. हात पिशवीत गुंतलेला असतो, त्यामुळे तो टेकवता येत नाही आणि डोक्याचा मागचा भाग आधी जमिनीला लागतो.

वेग किती होता, असं मग सगळे विचारतात. तो प्रश्न इथे दुय्यम आहे. स्कूटरवर बसलेल्या माणसाचं डोकं रस्त्यापासून साधारण दीड मीटरवर असतं. तिथून सुटलेली कुठलीही वस्तू जमिनीला भिडते तेव्हा तिचा वेग ताशी एकोणीस-वीस किलोमीटर झालेला असतो. हा वेग गाडीचा नाही, निव्वळ पडण्याचा आहे. गाडी उभी असती तरी तो तेवढाच राहिला असता. म्हणून ‘आम्ही हळूच चाललो होतो’ या समजुतीत मागच्या माणसासाठी काहीही संरक्षण नाही. हळू चालवल्याने फरफट कमी होते, डोक्याची उंची कमी होत नाही.

डांबर दबत नाही आणि कवटीही फारशी दबत नाही. दोन टणक गोष्टी भिडल्या की तो सगळा वेग काही मिलिमीटरांत शून्यावर येतो आणि आत सैल असलेला मेंदू कवटीवर आपटतो. हेल्मेटच्या आत थर्माकोलसारखा फेसाचा जाड थर असतो. तो चिरडला जातो, त्यासाठीच तो असतो. डोकं थांबायला मिलिमीटरांऐवजी दोनेक सेंटिमीटर मिळाले की मेंदूवरचा हिसका कित्येक पटींनी उतरतो. बाहेरचं रंगीत कवच हा मार पसरवतं आणि डोकं घासू देत नाही, पण धक्का सोसतो तो आतला थर. तो एकदाच चिरडतो. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चकचकीत दिसत असलं तरी टाकून द्यायचं, ते यासाठी.

जगभरातल्या अभ्यासांचा एकत्र आढावा सांगतो की हेल्मेटमुळे मोटारसायकलवाल्यांच्या मृत्यूचा धोका बेचाळीस टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा एकोणसत्तर टक्क्यांनी घटतो. म्हणजे हेल्मेट अमर करत नाही. ते मानेला, छातीला, पोटाला वाचवत नाही आणि ट्रकखाली सापडलेल्याला तर नाहीच. पण आपल्या लग्नाला निघालेल्या बाईचा अपघात हा त्या एकोणसत्तर टक्क्यांतला आहे. दीड मीटरवरून डोक्यावर पडणं, याच माराला हेल्मेट सगळ्यात जास्त उपयोगी पडतं.

या पडण्यानंतरचा धोकाही सांगायला हवा. ती उठून बसते, पदर सावरते, म्हणते, ‘‘काही नाही झालं, चला.’’ गर्दी पांगते. डोक्याच्या आत रक्त साठत असेल तर माणूस सुरुवातीला अगदी नीट बोलू शकतो, चालूही शकतो. काही तासांनी डोकं ठणकू लागतं, उलटी होते, गुंगी येते, बोलणं अडखळतं, आणि घरचे म्हणतात की दमली असेल, झोपू दे. झोपू देऊ नका. डोक्यावर पडलेल्या माणसाला यातलं एकही लक्षण दिसलं तर तडक मोठ्या रुग्णालयात न्या, जिथे सीटी स्कॅन होतो. लक्षण दिसलं नाही तरी डॉक्टरला दाखवा. ‘बोलतेय म्हणजे ठीक आहे’ या एका समजुतीने आपल्याकडे हातातली वेळ निघून जाते.

आता ओळीकडे येतो.

साधारण पोस्टर असं असतं: ‘हेल्मेट वापरा, सीटबेल्ट लावा, वेगमर्यादा पाळा, मोबाइल टाळा, मद्यपान करून वाहन चालवू नका, सुरक्षित राहा. घरी कुणीतरी वाट पाहतंय.’ सहा आज्ञा आणि एक भावना. वाचणाऱ्याला यातलं आत्ता काय करायचं ते कळत नाही, म्हणून तो काहीच करत नाही. यातला प्रत्येक नियम योग्य आहे, पण सहा योग्य नियम एका फलकावर बसवले की ते एकमेकांना पुसून टाकतात. ओढणी-पदर चाकात अडकू नये म्हणून मागच्या चाकाला जाळी लागते, तशी तरतूद केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे, आणि ती बाब माझ्या मते तितकीच गंभीर आहे. तरीही ती या ओळीत येता कामा नये. तिची पाळी त्यानंतरच्या सहा महिन्यांत.

ओळीत एकच काम हवं, आणि ते झालं की नाही हे बघणाऱ्याला दिसायला हवं. ‘काळजी घ्या’ हे काम दिसत नाही. ‘जबाबदारीने वागा’ हेही नाही. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली ‘टक्’ करून लागतो, ते दिसतं आणि ऐकूही येतं. मी ‘हेल्मेट घाला’च्या ऐवजी मुद्दाम पट्टा म्हणतो आहे. पट्टा न लावलेलं हेल्मेट पहिल्याच हिसक्याला डोक्यावरून निघून जातं आणि डोकं उघडंच आपटतं. कायदाही हेच धरून चालतो. कलम १२९ च्या स्पष्टीकरणात पट्ट्याने डोक्याला पक्कं बांधलेलं तेच संरक्षक शिरस्त्राण, असं नमूद आहे. नुसतं ठेवलेलं हेल्मेट कायद्याच्या लेखी घातलेलंच नाही. पट्टा सांगितला की हेल्मेट त्यात आपोआप आलं. पट्टा हनुवटीखाली लागल्यावर त्यातून दोन बोटं जेमतेम जावीत. मग मागच्या काठाला हात लावून हेल्मेट पुढे ढकलून बघा. ते डोळ्यांवर उतरत असेल तर माप मोठं आहे.

दुसरा प्रश्न, ही ओळ कुणाला उद्देशून लिहायची. माझं उत्तर ठाम आहे: चालवणाऱ्याला. मागे बसणारी बहुतेक वेळा घाईत असते, पाहुणी असते, आई असते, मुलगी असते. गाडी तिची नसते आणि दुसरं हेल्मेट घरात आहे की नाही हेही तिच्या हातात नसतं. नव्या दुचाकीबरोबर हेल्मेट मिळतं, पण बहुधा एकच. सीट दोघांची, हेल्मेट एकाचं, अशीच गाडी आपण शोरूममधून घरी आणतो. दुसरं विकत घेणं हे गाडीच्या मालकाचं काम आहे, आणि मागची व्यक्ती तयार होईपर्यंत गाडी न हलवण्याचा अधिकारही त्याचाच आहे.

पुण्यात २०१९ च्या जानेवारीत हेल्मेटची कारवाई कडक झाली तेव्हा विरोधात कृती समिती उभी राहिली, निदर्शनं झाली. ‘डोकं माझं, निर्णय माझा’ असा त्या वादाचा सूर होता. तो मला तेव्हाही पटला नव्हता. पण तो घटकाभर मान्य केला तरी मागच्या सीटपाशी तो संपतो. मागचं डोकं तुमचं नाही.

तिसरी गोष्ट माणसाची. ‘घरी कुणीतरी’ हे कुणीही नसतं. चेहरा नसलेल्या माणसासाठी हात हलत नाही. म्हणून अपघाताची रक्तबंबाळ छायाचित्रं आणि सीसीटीव्हीतली पडण्याची दृश्यं लावायची टूम निघाली आहे. ती थांबवावी. ते दृश्य कुणाच्यातरी घरातल्या माणसाचं असतं आणि त्या घराने परवानगी दिलेली नसते. शिवाय भीती दाखवून काय करायचं ते सांगितलं नाही तर माणूस पुढच्या चित्राकडे सरकतो. त्यापेक्षा मागे बसलेल्या जिवंत माणसाचं नाव घ्या, नात्याने. आई म्हणा.

मी असेन तर असं लिहीन:

‘मागे आई बसली आहे. तिच्या हेल्मेटचा पट्टा लावा, मग गाडी काढा.’

माणूस, काम आणि क्रम, तिन्ही यात आलं. पुढच्या आठवड्यात आईच्या जागी बायको आणा, मग मुलगी, मग मित्र, मग आजोबा. नियम तसाच ठेवा. खाली दंडाची रक्कम लिहू नका, ती चलनावर येतेच. शहराचं बोधचिन्ह, मंत्र्यांचा फोटो, प्रायोजकाचं नाव यांना या फलकावर जागा नाही.

ही ओळ कुठे लावायची, यावरही थोडं बोलायला हवं. चौकातल्या पाटीवर ती उशिरा पोहोचते. सिग्नलला उभा असलेला माणूस ती वाचेल, पटूनही घेईल, पण दुसरं हेल्मेट घरी शू-रॅकवर आहे. त्याला तेव्हा करण्यासारखं काही उरलेलं नसतं. ही ओळ गाडी निघण्याआधी दिसली पाहिजे: सोसायटीच्या पार्किंगच्या भिंतीवर, मंगल कार्यालयाच्या बाहेर पडायच्या दारावर, शाळेच्या फाटकाच्या आतल्या बाजूला. मोबाइलवर टाकायची तर कचेरी सुटण्याच्या गडबडीत नको, रविवारी दुपारी चार वाजता टाका, जेव्हा घरं बाहेर पडायच्या तयारीत असतात. लग्नसराईत रोज टाका. वाहतूक शाखेतला जो कर्मचारी हे खातं चालवतो त्याला शहराचं वेळापत्रक इतर कुणाहीपेक्षा चांगलं माहीत असतं. त्याला ते वापरू द्या.

आणि ही ओळ लावण्याआधी शाखेने आपल्या मोटारसायकली तपासाव्यात. गणवेशातला मागचा कर्मचारी हेल्मेटशिवाय दिसला तर सहा महिन्यांचं लिखाण एका फेरीत वाया जातं. लोक ते बघतात आणि लक्षात ठेवतात.

घरातल्या अडचणी खऱ्या आहेत आणि त्यांना तुच्छतेने उडवून लावू नये. अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही, हे खरं. मग अंबाडा कार्यालयात पोहोचून घालावा किंवा मानेवर सैल वेणी घालून निघावं. स्कूटरच्या डिकीत बहुधा एकच हेल्मेट मावतं. दुसरं सीटखालच्या आकड्याला लटकवता येतं किंवा हातात धरून आत नेता येतं. दुसऱ्याचं घामट हेल्मेट नको वाटतं, तर आत घालायची सुती टोपी स्वस्त मिळते. रस्त्यावरची अर्ध्या टोपीसारखी हेल्मेटं मात्र मागच्यासाठी म्हणून घेऊ नका. पुढच्याला चांगलं आणि मागच्याला चलनापुरतं, अशी वाटणी घरोघर चालते. ज्या डोक्याचा मागचा भाग आधी आपटतो, त्यालाच मागून उघडी टोपी दिली जाते. हेल्मेटवर आयएसआय खूण आणि ‘आयएस ४१५१’ हा मानक क्रमांक बघा. २०२१ च्या जूनपासून दुचाकीचं हेल्मेट या खुणेशिवाय विकायला देशात परवानगी नाही.

एका ओळीने अपघात थांबत नाहीत, हे मला माहीत आहे. खड्डा बुजवणं महापालिकेचं काम आहे, रंग न मारलेला स्पीडब्रेकर हाही तिचाच दोष आहे, आणि आईच्या हेल्मेटबद्दल लिहून वाहतूक शाखेने तो झाकू नये. पण खड्डा बुजेपर्यंत ती बाई रोज त्याच रस्त्याने मागे बसून जाणार आहे.

वाहतूक शाखेतल्या अधिकाऱ्यांना विनंती आहे: येत्या लग्नसराईच्या आधी जुनी पाटी उतरवा आणि मागच्या सीटची ओळ लावा. आणि वाचकहो, ज्यांच्या घरात दुचाकी एक आणि हेल्मेटही एकच आहे, त्यांनी पाटीची वाट पाहू नये. मागे रोज कोण बसतं ते तुम्हाला माहीत आहे. त्या व्यक्तीला दुकानात बरोबर न्या, कारण माप तिच्या डोक्याचं घ्यायचं आहे.